‘भाषिक वय’ लिहिण्याआधी

तीन वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून आई-वडील तपासणीला जातात आणि एक कागद घेऊन बाहेर येतात. त्यावर बहुधा दोन आकडे असतात. समजण्याचं भाषिक वय इतके महिने, बोलण्याचं भाषिक वय इतके महिने. पुढे बालवाडीपासून सरकारी कार्यालयापर्यंत सगळीकडे तो कागदच बोलतो. थेरपी सुरू करायची की थांबून बघायचं हेही त्या आकड्यांवरच ठरतं. ते कुठून आले हे मात्र कोणी विचारत नाही.

बोलायला उशीर झालेल्या मुलाची तपासणी तीन वाटांनी होते. एक, आई-वडिलांशी सविस्तर बोलणं. दुसरी, मुलाला खेळताना, मागताना, रुसताना बघणं. तिसरी, प्रमाणित चाचणी, म्हणजे ठरलेले प्रश्न ठरलेल्या पद्धतीने विचारून आलेले गुण त्याच वयाच्या इतर मुलांशी ताडून बघणं. आपल्याकडे तिसरी वाट शास्त्रीय आणि पहिल्या दोन अंदाजाच्या असा समज पक्का बसला आहे. अनेक वर्षं हे काम केल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. मराठी घरातल्या तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाबाबत निर्णय मुलाखत आणि निरीक्षण यांवरच उभा राहिला पाहिजे, आणि ही दोन्ही कामं चाचणीइतक्याच शिस्तीने झाली पाहिजेत. ज्या चाचणीची मानकं मराठी मुलांवर बेतलेली नाहीत, तिचा आकडा निर्णय म्हणून अहवालात जाऊ नये.

चाचणी टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. तिचं एक काम दुसऱ्या कोणालाच जमत नाही. हे मूल आपल्या वयाच्या मुलांपेक्षा किती मागे आहे, हे ती सांगू शकते. बऱ्याच चाचण्यांत सरासरी 100 धरतात आणि 15 चं एक पाऊल. 85 च्या खाली शंभरातली साधारण 16 मुलं येतात, 70 च्या खाली साधारण दोन. एखाद्याचा गुण 72 आला, तर ‘बोलेल हो’ म्हणणाऱ्या घराला दाखवायला काहीतरी ठोस हाती येतं. पण हे गणित एका अटीवर चालतं. ताडून बघायला घेतलेली ती शंभर मुलं या मुलासारखी असली पाहिजेत, त्याच भाषेत वाढलेली, तशाच घरातली. दवाखान्यात रोज हाताशी असलेल्या बहुतेक मोजपट्ट्या ही अट पूर्ण करत नाहीत. काही अमेरिकेत बनल्या. लँग्वेज इव्हॅल्युएशन स्केल त्रिवेंद्रम ही लहान मुलांसाठीची चांगली चाळणी आहे, पण ती केरळमध्ये बनली. मराठीसाठी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून छोटे प्रयत्न झाले आहेत, तरी धुळ्यापासून सावंतवाडीपर्यंत कुठेही विश्वासाने उघडावी अशी मोजपट्टी रोजच्या कामात दिसत नाही.

मग भाषांतर होतं. बहुतेक वेळा तेही कागदावर नाही, तिथल्या तिथे तोंडी. इंग्रजी चाचणीत प्रश्न सोप्याकडून कठीणाकडे लावलेले असतात आणि ओळीने काही उत्तरं चुकली की थांबायचं असा नियम असतो. भाषांतरात हा क्रमच मोडतो. इंग्रजीत अनेकवचनासाठी बहुधा शब्दाला एक ध्वनी जोडला की काम होतं. मराठीत मासा-मासे, घर-घरं, भिंत-भिंती, आणि पेरू मात्र एक असो की दहा, पेरूच. इंग्रजीत जिथे उपपदं तपासतात तिथे मराठीत तपासायला काहीच नाही. उलट ‘ट्रक आला, बस आली, विमान आलं’ हा फरक मराठी मुलाला फार लवकर पकडावा लागतो आणि त्यासाठी इंग्रजी चाचणीत जागाच नाही. त्यामुळे सोपा प्रश्न अवघड होतो, अवघड प्रश्न आधी येतो, मूल ओळीने चुकतं आणि चाचणी लवकर बंद होते. गुण कमी आला म्हणजे मुलाची भाषा कमी पडली की प्रश्नांचा क्रम, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

‘भाषिक वय’ या आकड्याची तर स्वतंत्र अडचण आहे. भाषिक वय 24 महिने म्हणजे 24 महिन्यांची मधली मुलं जेवढे गुण मिळवतात तेवढे या मुलाला मिळाले, एवढंच. त्या वयाची मुलं दोन्ही बाजूंना किती पसरलेली असतात हे त्यात कुठेच नाही. वय वाढतं तसा हा पसारा बदलतो. सहा महिन्यांचं अंतर दीड वर्षाच्या मुलात एक अर्थ सांगतं, पाच वर्षांच्या मुलात दुसराच. आई-वडिलांना मात्र वाटतं की आपलं तीन वर्षांचं मूल आतून दोन वर्षांचं आहे. काही घरं मग त्याच्याशी तसंच बोलायला लागतात.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. आपण ज्याला प्रमाणित चाचणी म्हणतो, ती पुष्कळदा आई-वडिलांची मुलाखतच असते. भारतात अजूनही सर्रास वापरात असलेली रील ही मोजपट्टी घ्या. 1971 ची, मूळ अमेरिकन, जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची. तिच्यात मुलाला प्रश्न नसतातच. आईला विचारायचं, हे करतो का, ते करतो का. डॉ. मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी जुळवून घेतलेली सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टीही मोठ्या प्रमाणात आईच्या उत्तरांवर भरली जाते. यात गैर काही नाही. गैर हे की उत्तरं महिन्यांत मोजून झाली की ती आईची उत्तरं होती हे सगळे विसरतात.

याने काय बिघडतं, ते एका मुलावरून सांगतो. नाव ओम म्हणू. तो कुठलं एक खरं मूल नाही, पण त्याच्यातली प्रत्येक गोष्ट मी कुठल्या ना कुठल्या मुलात पाहिली आहे. वय तीन वर्षं दोन महिने. तालुक्याच्या गावी राहतो, घरात आई, वडील, आजी-आजोबा, भाषा मराठी, मोबाइलवर इंग्रजी बालगीतं. आधीच्या अहवालात समजण्याचं भाषिक वय 33 ते 36 महिने आणि बोलण्याचं 20 ते 22 महिने. निष्कर्ष असा की समज ठीक आहे, फक्त बोलणं मागे आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. (38 महिन्यांच्या मुलाला 36 महिन्यांपर्यंतची मोजपट्टी लावली होती, ते आणखी वेगळं.)

पहिली गोष्ट कान. ‘टीव्ही लागला की धावत येतो, ऐकू येतं त्याला’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. पण ज्याला फक्त उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येत नाहीत असं मूलही टीव्ही लागला की धावतच येतं. त्याला ‘आई’ ऐकू येतं, ‘बस’ मधला स निसटतो. सर्दीत कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर महिनाभर सगळं पुसट आणि पुढचा महिनाभर ठीक, असंही होतं. इथे मुलाखत चालत नाही आणि निरीक्षणही चालत नाही. मशीनच हवं. पडद्याची चाचणी, गरज असेल तर आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी ओएई आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी बेरा, आणि तीन वर्षांचं मूल तयार असेल तर आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा ही खेळातली श्रवणचाचणी. ओमचे कान ठीक निघाले.

मग मुलाखत. ‘बोलतो का?’ या प्रश्नाला ‘थोडं थोडं’ हेच उत्तर येणार. म्हणून मी आईला विचारतो, “ताई, काल संध्याकाळी त्याला भूक लागली तेव्हा नेमकं काय झालं?” तेव्हा कळतं की तो आईचा हात धरून डब्यापाशी नेतो, वर बोट दाखवतो आणि ‘ऊ’ म्हणतो. शब्दही आठवून सांगायला लावत नाही. नात्यांचे, खाण्याचे, प्राण्यांचे, गाड्यांचे, कामांचे अशा गटांची यादी समोर ठेवतो आणि एकेका शब्दावर विचारतो, हा आपणहून म्हणतो का. माणसाला आठवायला जड जातं, समोर दिसलं की ओळखायला सोपं जातं. दहा-बारा शब्द सांगणारी आई अशा यादीवर चाळीसच्या पुढे जाते. ‘पाणी’ ला ‘पापा’ म्हणत असेल आणि दरवेळी पाण्यालाच म्हणत असेल, तर तो शब्द धरायचा. ‘बॉल’ आणि ‘चेंडू’ दोन्ही म्हणत असेल तर दोन्ही लिहून घ्यायचे, कोणत्या भाषेतला हे बघायचं नाही. बालगीताच्या ओळी तोंडपाठ असतील तर त्या शब्दांत धरायच्या नाहीत, कारण त्यातून तो काही मागत नाही की सांगत नाही. ओमचे शब्द साठाच्या आसपास भरले. दोन शब्द जोडून ‘पापा दे’, ‘बाबा भुर’ अशी मोजकी वाक्यं. दोन वर्षं पूर्ण होताना 50 हून कमी शब्द किंवा दोन शब्दांची जोडणी नाही, ही बोलायला उशीर मानण्याची रूढ रेषा आहे. ओम त्या रेषेपाशी होता, वर्षभर उशिरा.

आजीकडून दोन गोष्टी मिळाल्या. “याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता बघा.” घराला हा दिलासा वाटतो. तपासणाऱ्याने उलटं ऐकायचं असतं, कारण उशिरा बोलण्याचा आणि भाषेच्या अडचणींचा इतिहास घरात असेल तर उशीर टिकून राहण्याची शक्यता वाढते. बापाला शाळेत वाचन कसं जमलं, हे विचारायला हवं. आजीचं दुसरं वाक्य, “कळतं सगळं त्याला.”

याच वाक्यावर आधीच्या अहवालातले 33 ते 36 महिने उभे होते. मूल किती शब्द बोलतं हे आई-वडील बऱ्यापैकी अचूक सांगतात. मूल किती समजतं हे सांगताना ते चुकतात आणि बहुधा एकाच दिशेने चुकतात. यात त्यांचा दोष नाही. घरात कोणी नुसत्या शब्दांनी बोलतच नाही. ‘चप्पल आण’ म्हणताना आपण दाराकडे बघतो, हातात पिशवी असते, बाहेर जायची वेळ झालेली असते. मूल पिशवी वाचतं, वेळ वाचतं, आपली नजर वाचतं आणि चप्पल आणतं. ही हुशारी खरी आहे, पण ती भाषा नव्हे.

म्हणून निरीक्षण. पहिली पंधरा-वीस मिनिटं मी कोपऱ्यात बसतो, आई आणि मूल जमिनीवर खेळतात. ओम बाहुलीला रिकाम्या कपातून चहा पाजतो, गाडी अडकली की आईकडे बघतो, खिडकीबाहेरची मांजर तिला बोट करून दाखवतो. फक्त हवं म्हणून बोट करणं वेगळं आणि ‘बघ ना’ म्हणून बोट करणं वेगळं. दुसरं जिथे आहे, नजर आहे, खोटंखोटं खेळणं आहे, तिथे स्वमग्नतेची शंका बरीच खाली येते. मग पारदर्शक बरणीत चिवडा घालून झाकण घट्ट लावून देतो आणि गप्प बसतो. तो मागतो कसा, नजरेने, हाताने, आवाजाने की शब्दाने, आणि मी दुर्लक्ष केलं तर दुसरी युक्ती काढतो का, हे टिपून ठेवतो.

आता समज. हात मांडीवर, नजर त्याच्या चेहऱ्यावर, वस्तूकडे बघायचं नाही. समोर चमचा, वाटी, बाहुली, गाडी. ‘चमचा वाटीत ठेव.’ ठेवला. यावरून काहीच कळत नाही, कारण समोर चमचा आणि वाटी असली की कुठलंही मूल तेच करेल. ‘चमचा वाटीखाली ठेव.’ ओमने चमचा पुन्हा वाटीतच ठेवला. ‘बाहुली गाडीखाली ठेव’ वर बाहुली गाडीत बसली. ‘गाडी दे’ जमलं, ‘गाडी आणि चमचा दे’ वर फक्त चमचा आला. ‘बाबा कुठे?’ ला उत्तर ‘बाबा’. हीच वाक्यं हाताने दाखवून म्हटली की सगळी जमली. समज ठीक आहे हे वाक्य तिथेच पडलं. ज्या मुलाचं फक्त बोलणं मागे आहे, त्याच्याबद्दल काही काळ थांबून बघण्याला अर्थ असू शकतो. ज्याची समजही मागे आहे आणि वय तीनच्या पुढे गेलं आहे, त्याच्यासाठी सहा महिने थांबणं म्हणजे सहा महिने वाया. ओमची थेरपी लगेच सुरू व्हायला हवी होती, आणि ती शब्द वदवून घेण्यापासून नव्हे, समजेपासून.

यावर चाचणीच्या बाजूचा माणूस एक प्रश्न विचारेल आणि तो रास्त आहे. तीन वर्षं दोन महिन्यांच्या मराठी मुलाला ‘वाटीखाली’ समजायला हवं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? निरीक्षकाच्या डोक्यातही मानकं असतातच, फक्त ती छापलेली नसतात. एखाद्याच्या डोक्यात शहरी, शिकलेल्या घरांतली मुलं भरलेली असतील, तर मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल त्याला मागासलेलं वाटणार. त्या मुलाला मराठी पहिल्यांदा भेटते ती अंगणवाडीत, त्याची भाषा तपासायची तर कोरकूतच तपासावी लागेल. शिवाय निरीक्षण एका दिवसाचं असतं. अनोळखी खोलीत गप्प बसलेलं मूल घरी बडबडत असू शकतं.

दुसऱ्या अडचणीला उपाय सोपा आहे. आई-वडिलांकडून जेवतानाचे, अंघोळीचे, भावंडाशी खेळतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ मागवायचे. पहिली अडचण खरी आहे. माझं उत्तर असं की तीच दहा-बारा वाक्यं, त्याच वस्तू घेऊन जवळच्या बालवाडीत जावं आणि त्याच वयाच्या, कुठलीही तक्रार नसलेल्या मुलांना द्यावीत. याने प्रमाणित चाचणी होत नाही, पण आपल्या डोक्यातलं मानक तपासून निघतं. पुन्हा, चुकणारं मूल शिकतं का, हेही बघता येतं. ‘खाली’ चार-पाच वेळा खेळात करून दाखवायचं आणि मग नव्या वस्तूंवर विचारायचं. संधी न मिळालेलं मूल झटकन पकडतं. ज्याला भाषेचीच अडचण आहे ते पुन्हा पुन्हा घसरतं. भाषांतरित चाचणीपेक्षा हा फरक मला कितीतरी मोलाचा वाटतो, आणि त्याला मानकं फारशी लागत नाहीत.

चाळणी म्हणून वापरायच्या प्रश्नावल्यांना मात्र माझा विरोध नाही. स्वमग्नतेसाठीची एमचॅट ही 20 प्रश्नांची प्रश्नावली 16 ते 30 महिन्यांच्या मुलांत वापरावी, त्यासाठीच ती आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला ती लावून ‘धोका नाही’ असं लिहिणं चूक आहे, आणि हे घडतं. चाळणीचं काम कोणाला नीट तपासायचं ते सांगणं. तपासणी तिने होत नाही.

मग लोक मोजपट्टीला का चिकटून राहतात? कारण साधं आहे. ती लवकर भरून होते. ओमसारख्या मुलाची नीट मुलाखत आणि निरीक्षण यांना दीड-दोन तास लागतात, बहुधा दोन भेटींत. बाहेर रांग असते. आणि पुढच्या प्रत्येक अर्जात आकड्यासाठी चौकट असते, वर्णनासाठी नसते. म्हणून हा प्रश्न एकेका थेरपिस्टच्या सचोटीवर सोडून चालणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरमधून सुरू झाला, त्याची फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातात आणि विकासातला उशीर हा त्यांच्या चार मुख्य विषयांपैकी एक आहे. त्यांनी निवडलेली मुलं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात येतात. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून वाचा आणि श्रवण या विषयांची राष्ट्रीय संस्था आहे. राज्यात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. मराठी मानकं बनवायला लागणारी मुलं, पथकं आणि तज्ज्ञ असे सगळे आपल्याकडे आहेत. सहा-सहा महिन्यांच्या वयोगटांत, विदर्भ, खानदेश, मराठवाडा, कोकण असे विभाग धरून, प्रत्येक गटात पुरेशी मुलं घेऊन काही वर्षांत हे काम होऊ शकतं. त्यात ‘आला-आली-आलं’ तपासलं जावं, ‘मी खाल्लं’ पण ‘आईने खाल्लं’ तपासलं जावं, आणि समजेचे प्रश्न आईला नव्हे, मुलाला विचारले जावेत. असं साधन आलं तर मी ते पहिल्या दिवशी विकत घेईन.

तोवर अर्जांची रचना तरी बदलता येईल. भाषिक वयाच्या चौकटीच्या जागी चार ओळी हव्यात: माहिती कोणी दिली, मूल कुठे आणि किती वेळ पाहिलं, कान तपासले का आणि कधी, आणि हातवाऱ्यांशिवाय मूल काय समजतं. आणि मोजपट्टी वापरलीच, तर तिचं नाव, ती कोणत्या वयासाठी आहे आणि तिची मानकं कुठल्या भाषेतल्या मुलांची आहेत, हे तिच्या आकड्याच्या शेजारीच लिहिणं सक्तीचं असावं. ओमच्या अहवालात ही एक ओळ असती, तर 36 महिन्यांची मोजपट्टी 38 महिन्यांच्या मुलाला लावली आहे आणि उत्तरं आजी-आईची आहेत, हे त्याच्या वडिलांनाही वाचता आलं असतं.